कोणत्याच देशाचा नसलेला मनुष्य

मनुष्य जन्मतो तो कोठे तरी जन्मतो, आणि कोणा तरी आईबापांच्या पोटी जन्मतो. तेव्हा त्याला कोणता ना कोणता देश असणारच, असे सर्वजण धरून चालतात. गाव नसलेला मनुष्य जसा कल्पनेत येत नाही, तसा देश नसलेला मनुष्यही येत नाही. परंतु कायद्याच्या दृष्टीने देश ही नदी-डोंगरांसारखी निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. अमुक मनुष्य आपला नागरिक आहे असे एखाद्या राज्याचा कायदा म्हणतो, तेव्हाच तो त्या देशाचा होतो. प्रत्येक राज्य हा कायदा स्वतःपुरता करिते आणि शेजारच्या राज्याने काय लिहून ठेविले आहे हे पाहून तो करण्याचे त्याच्यावर बंधन नसते. दोन शेतकऱ्यांनी आपापल्या शेताची कुंपणे आपापल्या सोयीने घातली, तर मध्ये कोणाच्याच मालकीची नसलेली एक चिंचोळी पट्टी राहू शकते. नागरिकत्वाच्या कायद्यांमध्येही अशी पट्टी राहते, आणि तिच्यात माणसे सापडतात.

बहुतेक देश नागरिकत्व देताना दोहोंपैकी एका गोष्टीकडे पाहतात. एक जन्मभूमी आणि दुसरी वंश. पहिल्या पद्धतीत मूल ज्या भूमीवर जन्मले त्या देशाचे होते. दुसऱ्या पद्धतीत ते आपल्या बापाच्या किंवा आईबापांच्या देशाचे होते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. परंतु वंश पाहणाऱ्या देशात जन्मलेल्या मुलाचे आईबाप जन्मभूमी पाहणाऱ्या देशातून आलेले असले, तर एक देश म्हणतो, हे रक्त आमचे नव्हे. दुसरा म्हणतो, हे येथे जन्मलेले नव्हे. दोघांचेही म्हणणे आपापल्या कायद्याने खरे असते, आणि मूल मात्र दोहोंकडून सुटते.

ही गोष्ट नुसत्या तत्त्वाने सांगितली तर हवेतली वाटेल. हिंदुस्थानच्या अगदी दाराशी, सिलोनच्या चहाच्या मळ्यांत, ती लाखो माणसांच्या बाबतीत प्रत्यक्ष घडली. तो देश १९७२ पासून श्रीलंका ह्या नावाने ओळखला जातो. पण ह्या कथेचा आरंभ त्याचे नाव सिलोन होते तेव्हाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी सिलोनच्या डोंगरांत प्रथम कॉफी आणि नंतर चहा लाविला. डोंगराळ भागातील सिंहली शेतकरी मळ्यावर बारमाही मजुरी करण्यास फारसा राजी नव्हता. म्हणून दक्षिण हिंदुस्थानातील तमिळ जिल्ह्यांतून मजूर आणिले गेले. त्यांना आणणारा मुकादम कंगाणी म्हणून ओळखला जाई. तो बहुधा त्यांच्याच गावचा असे, त्यांना उचल देई, आणि ते कर्ज फिटेपर्यंत त्यांच्या मानेवर बसे. समुद्र अरुंद, दोन्ही तीरांवर राज्य एकाच बादशहाचे. त्यामुळे आपण परदेशी चाललो आहो असे त्या मजुरास वाटण्याचे कारणच नव्हते. हिंदुस्थानात तो ब्रिटिश प्रजाजन होता आणि सिलोनमध्येही ब्रिटिश प्रजाजनच राहिला. कित्येकजण परत गेले. कित्येकांच्या दोन-तीन पिढ्या मळ्यावरील त्या बुटक्या, एकीस एक लागून असलेल्या खोल्यांत जन्मल्या आणि मेल्या. १९४६ च्या शिरगणतीत अशा भारतीय तमिळांची संख्या सुमारे ७ लक्ष ८० हजार भरली. बेटाच्या लोकसंख्येत दर नऊ माणसांमागे एक, असे हे प्रमाण होते. जाफना आणि पूर्व किनाऱ्याकडील तमिळ लोक शतकानुशतके सिलोनचेच रहिवासी आहेत, ते वेगळे. येथे प्रश्न आहे तो मळ्यांतल्यांचा.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाले. छत्र एक होते तोवर त्याखालचे कोण कोणाचे हे विचारण्याची गरज नव्हती. छत्र निघताच ती पडली. त्याच वर्षी सिलोनच्या पार्लमेंटाने नागरिकत्वाचा कायदा केला, आणि तो १५ नोव्हेंबर १९४८ पासून अंमलात आला. त्यात मळेमजुरांचे नावसुद्धा नाही. तो सर्वांस सारखा लागू होता, आणि हेच त्यातले इंगित होते. कायद्याने असे ठरविले की, त्या दिवसापूर्वी सिलोनमध्ये जन्मलेला मनुष्य नागरिक होण्यास त्याचा बाप सिलोनमध्ये जन्मलेला असला पाहिजे, किंवा बापाचा बाप आणि त्याचाही बाप असे दोघे तेथे जन्मलेले असले पाहिजेत. त्या दिवसानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत, जन्मसमयी त्याचा बाप सिलोनचा नागरिक असला पाहिजे. आईचा जन्म कोठला, हे कोणी विचारावयाचे नव्हते.

हा नियम एका कुटुंबास लावून पाहिला म्हणजे त्याची धार कळते. हे कुटुंब कल्पित आहे, पण त्याच्यासारखी मळ्यामळ्यावर होती. एक मजूर आहे. उदाहरणापुरते त्याला मुत्तू म्हणावे. त्याचा बाप लहानपणी, १८९५ च्या सुमारास, त्रिचनापल्ली जिल्ह्यातून सिलोनला आला. मुत्तू १९१२ साली हॅटन गावाजवळच्या मळ्यावर जन्मला. तेथेच वाढला, तेथेच त्याने चहाची रोपे छाटली. त्याला दोन मुलगे आहेत. थोरला १९३५ मध्ये जन्मला आणि धाकटा १९५० मध्ये. दोघेही त्याच खोलीत.

प्रथम मुत्तूचे पहावे. तो स्वतः सिलोनमध्ये जन्मला, पण त्याचा बाप नाही. आजा आणि पणजा तर नाहीतच. म्हणून मुत्तू सिलोनचा नागरिक नव्हे. आता थोरला मुलगा. त्याचा बाप मुत्तू हा सिलोनमध्ये जन्मलेला. म्हणून हा मुलगा नागरिक. बाप परका आणि मुलगा घरचा! ह्याहून नवल धाकट्याचे. तो कायदा लागू झाल्यानंतर जन्मला. त्याच्या बाबतीत बाप कोठे जन्मला हा प्रश्न नाही, बाप नागरिक आहे काय हा प्रश्न आहे. बाप नागरिक नाही, म्हणून धाकटाही नाही. एका आईचे, एका खोलीत जन्मलेले दोन सख्खे भाऊ. एक देशाचा आणि एक कोणाचाच नव्हे.

थोरला तरी निर्धास्त झाला काय? त्याला आपला नव्हे, तर बापाचा जन्म सिद्ध करावयाचा होता. १९१२ साली मळ्यावर जन्मलेल्या मजुराच्या पोराचा दाखला मिळावा कोठून? मळ्याच्या दप्तरात कामावरची हजेरी असे, उचल असे. जन्माची नोंद झालेली असलीच तर नावात फरक, बापाच्या नावात फरक, सालात फरक. हाच कायदा एखाद्या सिंहली खेडुतासही तितकाच अवघड होता, कारण त्याच्यापाशीही आजोबांचा दाखला नसे. परंतु त्याला कोणी विचारीत नव्हते. विचारणा होई ती मळ्यावरच्या माणसाला. सर्वांस सारखा दिसणारा कायदा एकासच कसा लागतो, हे समजण्यास एवढे पुरे आहे. कायद्याची अक्षरे तेवढी वाचून भागत नाही. दाखला कोणाकडे मागितला जातो, हेही पहावे लागते.

१९४९ मध्ये दोन कायदे आणखी झाले. एकाने मतदानाचा हक्क नागरिकांपुरता मर्यादित केला. १९४७ च्या निवडणुकीत मळ्यांच्या भागातून भारतीय तमिळांचे प्रतिनिधी निवडून गेले होते. १९५२ च्या निवडणुकीत एकही गेला नाही. दुसऱ्या कायद्याने भारतीय आणि पाकिस्तानी रहिवाशांना अर्ज करून नागरिकत्व मिळविण्याची वाट ठेविली. ही वाट बोळाएवढी होती. अर्जदार विवाहित असेल तर १ जानेवारी १९४६ च्या मागे सात वर्षे, अविवाहित असेल तर दहा वर्षे, आणि तेथून पुढे अर्जाच्या दिवसापर्यंत, त्याचे सिलोनमध्ये अखंड वास्तव्य पाहिजे. एका वेळी बारा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला तर वास्तव्य खंडित झाले असे समजावयाचे. चरितार्थाचे योग्य साधन पाहिजे, बायकामुलांच्याही वास्तव्याचा पुरावा पाहिजे, आणि अर्ज दोन वर्षांच्या मुदतीत, म्हणजे ऑगस्ट १९५१ पर्यंत, आला पाहिजे.

मुत्तू विवाहित. म्हणजे त्याने जानेवारी १९३९ पासूनचा हिशेब द्यावयाचा. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले. त्या धास्तीने तो बायकोमुलास घेऊन वडिलांच्या गावी गेला आणि, समजा, युद्धामुळे परतीची वाट सुलभ न राहिल्याने तेरा महिन्यांनी परत आला. झाले! एका महिन्याने त्याचे आयुष्यभराचे वास्तव्य तुटले. तो गेलाच नसता तरी शिधापत्रक, मळ्याची हजेरी, मुलांच्या शाळेची नोंद, असे कागद वर्षवार जुळवून दाखवावे लागले असते. आणि ज्याला आपले नाव लिहिता येत नाही त्याने ते जुळवावयाचे होते.

मजुरांच्या पुढाऱ्यांनी आरंभी ह्या कायद्यावर बहिष्कार घातला. तत्त्व म्हणून तो समजण्यासारखा होता, पण दोन वर्षांच्या मुदतीतील मोलाचा काळ त्यात गेला, आणि अखेरच्या महिन्यांत अर्जांचा लोंढा आला. सुमारे आठ लक्ष माणसांच्या वतीने अर्ज झाले. पुढील वर्षांत त्यांतून सुमारे १ लक्ष ३४ हजार माणसांनाच नागरिकत्व मिळाले. एक प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेले. कोणत्याही एका जमातीवर असमर्थता लादणारा कायदा करू नये, असे सिलोनच्या राज्यघटनेत कलम होते. त्याचा आधार घेतला गेला. प्रिव्ही कौन्सिलाने १९५३ मध्ये निकाल दिला की, आपले नागरिक कोण हे ठरविणे हा प्रत्येक राज्याचा स्वाभाविक अधिकार आहे आणि हे कायदे त्या कलमाचा भंग करीत नाहीत.

येथवर ऐकून कोणीही विचारील, सिलोनने नाकारले तर हे लोक हिंदुस्थानचे नव्हते काय? सिलोनचे सरकारही हेच म्हणत होते. परंतु भारताच्या राज्यघटनेचे आठवे कलम नीट वाचले पाहिजे. परदेशी राहणारा जो मनुष्य स्वतः, किंवा ज्याचे आईबाप वा आजाआजी ह्यांपैकी कोणी, अखंड हिंदुस्थानात जन्मले असेल, त्याने त्या देशातील भारतीय वकिलातीत अर्ज करून नोंद केली, तर तो भारताचा नागरिक समजावा, असे ते कलम आहे. म्हणजे मूळ भारतीय असणे पुरेसे नाही, नोंद पाहिजे. मुत्तूला भारताचे नागरिकत्व मिळू शकत होते, पण ते त्याच्यापाशी नव्हते. 'मिळू शकते' आणि 'आहे' ह्या दोन शब्दांमध्येच ही सारी माणसे अडकली. आणि मुत्तूने भारताकडे नोंद का करावी? तशी केली असती तर तो आपणच आपल्या हाताने सिलोनमध्ये परदेशी ठरला असता. ज्या मळ्यावर जन्म गेला तेथे मुदतीच्या परवान्यावर राहून पुढेमागे, स्वतः कधी न पाहिलेल्या मुलखात जावे लागले असते. नेहरूंच्या सरकारचे म्हणणे होते की, जे नोंद करतील तेवढेच आमचे; बाकीचे सिलोनचे रहिवासी आहेत आणि त्यांची सोय सिलोनने लावावी. दोन्ही सरकारांचा युक्तिवाद कायद्याने निर्दोष होता. त्याच्या मध्ये काय उरले, हे १९६४ मध्ये मोजले गेले तेव्हा आकडा सुमारे ९ लक्ष ७५ हजार निघाला.

अशा माणसाची नेमकी व्याख्या आंतरराष्ट्रीय कायद्याने केलेली आहे. १९५४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने एक करार झाला; त्याच्या पहिल्याच कलमाप्रमाणे, ज्याला कोणतेही राज्य आपल्या कायद्याच्या अंमलाने आपला नागरिक मानीत नाही, तो नागरिकत्वहीन. ह्यातील प्रत्येक शब्द तोलून घातलेला आहे. अमुक राज्याने त्याला मानावयास हवे होते, ह्याला महत्त्व नाही. मानते की नाही, ह्याला आहे. एखादा मनुष्य नागरिकत्वहीन आहे की नाही हे ठरविताना जगातील सर्व देशांचे कायदे धुंडाळावे लागत नाहीत. ज्या देशांशी त्याचा जन्माने, आईबापांच्या मार्गाने, विवाहाने किंवा दीर्घ वास्तव्याने संबंध आला तेवढेच पहावयाचे. आणि तेथेही पुस्तकातला नियम पाहून न थांबता, त्या देशाचे अधिकारी त्याला प्रत्यक्षात कसे वागवितात तेही पहावयाचे. अडचण एवढीच की, 'आहे' हे सिद्ध करण्यास दाखला असतो, 'नाही' हे सिद्ध करण्यास दाखला नसतो. मी तुमचा नव्हे असे लिहून द्या, अशी मागणी घेऊन गेलेल्या मनुष्याला बहुधा कोणतीच कचेरी उत्तर देत नाही.

आता कायद्याने संरक्षण कोणते दिले आहे ते पहावे. पहिल्या महायुद्धानंतर रशियातून पळालेल्या लक्षावधी लोकांचे नागरिकत्व सोव्हिएट सरकारने काढून घेतले, तेव्हा राष्ट्रसंघाच्या वतीने नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यांनी १९२२ मध्ये एक प्रवासपत्र सुरू केले. त्याने कोणी कोणाचा नागरिक होत नसे. परंतु सरहद्दीवरच्या शिपायाला दाखविण्यास हातात एक कागद आला, आणि कागद हातात असणे हेच अशा मनुष्याचे अर्धे जीवन असते. १९५४ च्या करारातही हाच विचार पुढे चालविला आहे. करार मान्य केलेल्या राज्याने आपल्याकडील नागरिकत्वहीन मनुष्याला ओळखपत्र द्यावे, कायदेशीरपणे राहत असेल तर प्रवासपत्र द्यावे, न्यायालयाचे दार मोकळे ठेवावे, मुलांना प्राथमिक शिक्षण स्वतःच्या नागरिकांप्रमाणे द्यावे, कायदेशीर रहिवाशाला राष्ट्राची सुरक्षितता वा सार्वजनिक शांतता ह्यांखेरीज अन्य कारणाने हाकलू नये, आणि त्याला नागरिकत्व मिळण्याची वाट शक्य तितकी सुकर करावी. शेवटच्या बाबतीत शब्द जपून वापरले आहेत, सुकर करावी. द्यावेच, असे नव्हे.

पहिला करार दुखण्यावर लेप लावणारा आहे. १९६१ चा दुसरा करार दुखणे होऊच नये म्हणून आहे. त्याचा मुख्य नियम असा की, जे मूल अन्यथा कोणाचेच होणार नाही त्याला ज्या देशात ते जन्मले त्या देशाने आपले नागरिकत्व द्यावे, मग ते जन्मताच द्यावे किंवा पुढे अर्जावरून द्यावे. म्हणजे वंश पाहणाऱ्या देशानेही अशा एका मुलापुरती जन्मभूमी पहावी. हा नियम सिलोनला १९५० मध्ये बंधनकारक असता तर मुत्तूचा धाकटा मुलगा थोरल्याच्या पंक्तीस बसला असता. दुसरा नियम असा की, वंश, धर्म किंवा राजकीय मते ह्यांच्या कारणाने कोणाचे नागरिकत्व काढून घेऊ नये. परंतु करार हा करार करणारालाच बांधतो. श्रीलंकेने किंवा भारताने ह्या दोहोंपैकी एकही करार स्वीकारलेला नाही.

१० डिसेंबर १९४८ रोजी, म्हणजे सिलोनचा कायदा अंमलात आल्यावर अवघ्या पंचवीस दिवसांनी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा केला, आणि त्याच्या पंधराव्या कलमात प्रत्येक मनुष्यास राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे असे लिहिले. ते कोणत्या राष्ट्राने द्यावयाचे, हे मात्र लिहिले नाही. देणेकऱ्याचे नाव नसलेल्या हुंडीसारखी ही गोष्ट आहे.

करार बाजूस ठेवून भारत आणि सिलोन ह्यांनी काय केले? ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके ह्यांच्यात करार होऊन माणसे वाटून घेतली गेली. ५ लक्ष २५ हजार भारताने घ्यावी, ३ लक्ष सिलोनने घ्यावी, उरलेल्या दीड लक्षांचे पुढे पहावे. त्या दीड लक्षांची १९७४ मध्ये निम्मेनिम वाटणी झाली. धान्याची वाटणी करावी तसे हे आकडे आहेत. कोणी कोठे जावे हे माणसांना विचारून ते ठरलेले नव्हते. सिलोनच्या अंमलबजावणीच्या कायद्यात पुढे तर असे प्रमाण घातले गेले की, सात माणसे भारतात पोचली म्हणजे मागे चौघांना सिलोनचे नागरिकत्व द्यावयाचे. एकाची सुटका दुसऱ्याच्या पाठवणीवर टांगलेली! त्यातच भारताच्या वाट्याइतके लोक भारताकडे अर्ज करावयास पुढे आलेच नाहीत. १९८१ मध्ये मुदत संपली. पुढच्या वर्षी भारताने आपल्यापुरते करार संपले असे कळविले. १९८३ मध्ये तेथे तमिळांवर भीषण अत्याचार होऊन यादवी पेटली, १९८४ मध्ये तलाईमन्नार आणि रामेश्वर ह्यांमधील जहाज बंद पडले, आणि भारताचे पासपोर्ट हाती असलेली हजारो माणसे मळ्यावरच राहिली.

गाठ सुटली ती शेवटी तेथल्याच कायद्याने. १९८८ मध्ये श्रीलंकेने उरलेल्या नागरिकत्वहीनांसाठी कायदा केला. पण भारताकडे नोंदलेले आणि त्यांची मुले त्याच्या बाहेर राहिली, आणि ज्यांना हक्क मिळाला त्यांच्यापैकीही कित्येकांच्या हातात कागद नव्हता. मग ऑक्टोबर २००३ मध्ये सर्व पक्षांच्या संमतीने नवा कायदा झाला. त्याची कसोटी फार सोपी ठेविली : ३० ऑक्टोबर १९६४ पासून जो श्रीलंकेचा कायम रहिवासी आहे, किंवा अशाचा जो वंशज आहे, तो नागरिक. ज्याच्यापाशी काहीच नव्हते त्याला साध्या निवेदनावर कागद मिळे. ज्याने भारताचा पासपोर्ट घेतला होता त्याने तो सोडीत असल्याचे लिहून द्यावयाचे. आजोबांचा जन्म कोणी विचारला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीच्या साहाय्याने मळ्यामळ्यावर फिरती केंद्रे उघडली गेली, आणि डिसेंबर २००३ मध्ये सुमारे दहा दिवसांत १ लक्ष ९० हजार माणसे नागरिक झाली. पंचावन्न वर्षांत जे झाले नाही ते पुराव्याची अट बदलताच दहा दिवसांत झाले.

तथापि एक शेपूट उरले आहे, आणि ते भारतात आहे. १९८३ नंतर जे लोक होड्यांतून तमिळनाडूत पळून आले त्यांत मळ्यांतील मूळ भारतीय तमिळही होते. छावण्यांतून राहणाऱ्या अशा लोकांची संख्या मद्रास उच्च न्यायालयापुढील २०१९ च्या एका प्रकरणात सुमारे २९,५०० सांगितली गेली. भारताच्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे जो वैध कागदपत्रांवाचून देशात आला तो बेकायदा आलेला ठरतो, आणि अशाला नोंदणीने किंवा दीर्घ वास्तव्याने नागरिकत्व मागता येत नाही. जळत्या घरातून पळणारा कागद घेण्यास थांबत नाही, हे कायद्याने पाहिलेले नाही. २०१९ च्या सुधारणेने काही निर्वासितांना ही अट सैल केली, परंतु ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून आलेल्यांपुरतीच. श्रीलंकेने २००९ मध्ये वास्तव्याची अट शिथिल करून ह्या छावण्यांतील लोकांना आपले दार उघडले. पण ज्यांचे संसार येथेच मांडले गेले त्यांना त्या दाराने जावयाचे नाही. वर सांगितलेल्या प्रकरणात न्यायालयाने सरकारला अधिकार आहे असे म्हणून त्यांच्या अर्जांचा नव्याने विचार करण्यास सांगितले.

अशा मनुष्यास भारतात काहीच आधार नाही असे मात्र नव्हे. राज्यघटनेची काही कलमे 'नागरिक' म्हणतात. भाषणस्वातंत्र्य, सरकारी नोकरीतील समान संधी ही नागरिकांची. परंतु कायद्यापुढे समानता देणारे चौदावे आणि जीवित व स्वातंत्र्य राखणारे एकविसावे कलम 'व्यक्ती' म्हणते. १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा लोकांना हुसकून लावण्याच्या धमक्या आल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ह्याच शब्दावर बोट ठेवून राज्य सरकारला त्यांच्या जीविताचे रक्षण करण्यास, आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज अडवून न ठेवता पुढे पाठविण्यास बजाविले. जीव राखला जाईल, ही त्या शब्दाची मर्यादा. मत, पासपोर्ट, सरकारी नोकरी ही त्यापलीकडची.

आणि मुत्तूच्या दोन मुलांची गोष्ट ह्या छावण्यांतही घडली आहे. भारताच्या कायद्याने २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ ह्या काळात भारतात जन्मलेला मनुष्य, आईबाप कोणीही असोत, जन्मानेच नागरिक असतो. परकीय वकिलातींतील मुले व असे थोडे अपवाद सोडावे. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याचा बाप किंवा आई नागरिक असावी लागते. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक आणि दुसरे बेकायदा आलेले नसावे लागते. १९८६ साली मंडपम येथील छावणीत जन्मलेल्या एका स्त्रीने पासपोर्ट मागितला. तो नाकारला गेला, कारण आईबाप श्रीलंकेचे. ऑगस्ट २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने जन्मदाखला पाहिला, कायद्यातील तारीख पाहिली, आणि ती जन्मापासून भारताचीच नागरिक आहे असे सांगून पासपोर्ट देण्याचा हुकूम केला. छत्तीस वर्षे ती निर्वासित म्हणून मोजली जात होती. १ जुलै १९८७ नंतर त्याच छावण्यांत, तशाच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलांना त्या निकालाचा आधार घेता येत नाही.